पाचशेचा रिचार्ज कुठे गेला? प्रीपेड वीज मीटरचा हिशोब समजून घेऊ

मागच्या महिन्यात खालाचा फोन आला. ती दुसऱ्या राज्यात राहते आणि तिच्या घरी प्रीपेड स्मार्ट मीटर बसून तीन महिने झाले आहेत. म्हणाली, "बेटा, पाचशेचा रिचार्ज केला होता, नऊ दिवसांत संपला. मधले चार दिवस तर आम्ही घरात नव्हतोच, शादीला गेलो होतो. मग हे मीटर खातंय तरी काय?"

हाच सवाल आपल्या सायखेड्यातही ऐकू येतो. नवा मीटर बसवायला माणसं आली की घरातल्या बायका आधी विचारतात, "याला रिचार्ज मारावा लागणार का?" म्हणून आधी आपल्याकडची गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर महावितरण घराघरांत जे स्मार्ट मीटर बसवत आहे, ते पोस्टपेड आहेत. म्हणजे वीज आधी वापरायची आणि बिल नंतर भरायचं. तरीही प्रीपेडचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. एक तर आपले नातेवाईक गुजरात, बिहार, उत्तर प्रदेशात आहेत आणि तिथे हे मीटर आले आहेत. दुसरं म्हणजे पैसे कापण्याचे जे नियम तिथे रोज दिसतात, तेच नियम आपल्या महिन्याच्या बिलातही असतात. फक्त आपल्याला ते रोज दिसत नाहीत.

बॅलन्स एका वाटेने जात नाही

मोबाइलच्या रिचार्जमुळे आपली एक समजूत झाली आहे की वापरलं नाही तर पैसे जात नाहीत. विजेचं तसं नाही. पहिली कपात असते स्थिर आकाराची. आपल्या दारापर्यंत तार, खांब, ट्रान्सफॉर्मर ठेवण्याचा हा खर्च आहे आणि तो दिवा लावला तरी लागतो, नाही लावला तरी लागतो. पोस्टपेड बिलात तो महिन्याला एकदा एका ओळीत येतो, म्हणून आपली नजर त्यावरून घसरून जाते. प्रीपेडमध्ये त्याचे तीस तुकडे होतात आणि रोज एक तुकडा कापला जातो.

दुसरी कपात युनिटची. त्यात विजेचा दर, ती वीज वाहून आणण्याचा वहन आकार आणि या सगळ्यावर सरकारचं वीज शुल्क असतं. तिसरी कपात सगळ्यांना नसते. ती जुन्या थकबाकीच्या हप्त्याची असते आणि सर्वात जास्त गोंधळ तीच करते. तिच्याकडे शेवटी येऊ.

एका घराचा हिशोब मांडून पाहू

समजा सायखेड्यातलं एक घर आहे. फ्रिज, तीन पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर. रोजचा वापर पाच युनिट, म्हणजे तीस दिवसांत दीडशे युनिट. दर आपण महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकातले घेऊ. पुढे दर बदलतात, पण हिशोबाची पद्धत तीच राहते. सिंगल फेज घरगुती जोडणीला स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता. पहिल्या शंभर युनिटला ४.७१ रुपये आणि त्यापुढे तीनशेपर्यंत १०.२९ रुपये दर होता. प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजनाची रक्कम दर महिन्याला बदलते, ती इथे सोपेपणासाठी सोडून देतो.

आधी स्थिर आकार पाहा. १२८ ला तीसने भागलं की रोजचे ४.२७ रुपये. त्यावर शुल्क धरलं की जवळपास ४.९५. घर कुलूपबंद असेल, फ्रिजसुद्धा बंद असेल, तरी प्रीपेड मीटरवर रोज पाच रुपये जाणारच. उमऱ्याला वीस दिवस गेलात तर परत येईपर्यंत ९९ रुपये कमी झालेले दिसतील. तो मीटरचा बिघाड नाही. खालाच्या शादीच्या चार दिवसांचं एक उत्तर हे आहे. दुसरं उत्तर तिनेच दिलं: फ्रिज चालूच ठेवून गेले होते.

आता युनिट. महिन्याच्या सुरुवातीला आपण पहिल्या शंभरात असतो. एका युनिटला ४.७१ आणि १.१७ मिळून ५.८८ रुपये. पाच युनिटचे २९.४० रुपये, त्यात स्थिर आकाराचे ४.२७ आणि वर शुल्क धरलं की दिवसाला सुमारे ३९ रुपये होतात.

रोज पाच युनिट म्हणजे विसाव्या दिवशी शंभर युनिट संपले. एकविसाव्या दिवसापासून युनिटचा दर ११.४६ रुपये झाला. घर तेच, पंखे तेच, वापर पाचच युनिट. पण त्या दिवसापासून कपात सुमारे ७१ रुपये. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकलेले पाचशे रुपये बारा-तेरा दिवस पुरतात आणि एकविसाव्या दिवशी टाकलेले पाचशे जेमतेम सात दिवस. मीटर अचानक पळायला लागला, ही जी तक्रार आहे, ती बऱ्याच वेळा याच जागी सुरू होते. नवं चक्र सुरू झालं की कपात पुन्हा ३९ वर येते.

आता पूर्ण महिना जोडा. वीस दिवस ३९ आणि दहा दिवस ७१, म्हणजे सुमारे १,४९५ रुपये. हेच दीडशे युनिटचं पोस्टपेड बिल याच दराने काढलं तरी १,४९५ च येतं. काही ठिकाणी शंभर युनिटची मर्यादा तीस दिवसांत वाटून देतात, म्हणजे रोजचे पहिले ३.३३ युनिट स्वस्त दराने. तसं केलं तर रोज सारखीच, साधारण ५० रुपये कपात दिसते. पण महिन्याची बेरीज तीच राहते. म्हणून एका रिचार्जचे दिवस मोजून मीटर बरोबर की चूक हे ठरत नाही. पूर्ण महिन्याची बेरीजच पाहावी लागते.

वडोदऱ्यात काय झालं

मे २०२४ मध्ये गुजरातमधल्या वडोदरा शहरात प्रीपेड स्मार्ट मीटरवरून लोक रस्त्यावर आले. या शहरात मराठी बोलणारी कुटुंबंही पुष्कळ आहेत. तक्रार हीच होती की बॅलन्स भराभर संपतो. विरोध एवढा वाढला की मीटर बसवण्याचं काम थांबवावं लागलं.

तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. गुजरातमध्ये घरगुती बिल दोन महिन्यांनी यायचं. साठ दिवसांनी एकदा पैसे मोजायची सवय असलेल्या माणसाला दर आठवड्याला रिचार्ज करावा लागला की खर्च दुप्पट-तिप्पट झाल्यासारखा वाटतोच. पण फक्त वाटण्याचा भाग नव्हता. जुना मीटर काढला त्या दिवसापर्यंत वापरलेल्या पण बिल न झालेल्या विजेचे पैसे बाकी होते. वीज कंपनीने खुलासा केला की ती बाकी १८० दिवसांत वाटून रोजच्या कपातीत घेतली जात आहे. म्हणजे कोणाची बाकी १,८०० रुपये असेल तर रोजचे दहा रुपये जास्त, तेही सहा महिने. ही बाकी खरी होती, कारण पोस्टपेडमध्ये आपण कायम एक-दोन महिन्यांच्या उधारीवर असतो. पण हे लोकांना आधी नीट सांगितलं गेलं नाही. रोज जास्त पैसे जाताना दिसले आणि कारण समजलं नाही, तर माणूस मीटरवरच शक घेणार.

खरी चूक कशी ओळखायची

सगळ्याच तक्रारी गैरसमजातून येतात असं मात्र नाही. तपासायला वही, पेन आणि तीन दिवस पुरेत. रोज रात्री ठरलेल्या वेळी मीटरवरचं एकूण युनिटचं वाचन लिहा आणि त्याच वेळी ॲपवरचा बॅलन्स लिहा. समजा पहिल्या रात्री वाचन ४१२.६ आणि बॅलन्स ३१८ रुपये होता. दुसऱ्या रात्री वाचन ४१७.६ आणि बॅलन्स २७९. पाच युनिट वापरले, ३९ रुपये गेले. वरच्या हिशोबाशी हे जुळतं. पण पाच युनिटला ४९ गेले असतील तर वरच्या दहा रुपयांचं कारण विचारायला हवं. ते बाकीच्या हप्त्याचे असू शकतात किंवा महागड्या टप्प्यात गेल्याचे. दोन्ही नसेल तर ती लेखी तक्रार करण्याची गोष्ट आहे.

पैसे जुळतात, पण युनिटच जास्त वाटतात, असंही होतं. तेव्हा घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. वापर शून्य असेल तर तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. तरीही लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये काहीतरी आहे. आपल्याकडे जुन्या घरांत भावाभावांच्या वाटण्या होतात, मीटर वेगळे होतात, पण न्यूट्रलची तार एकच राहते. नवे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि फरक आढळला तर जास्त असलेला धरतात. मग शेजारच्या खोलीतल्या भावाची वीज आपल्याही मीटरवर चढते. यात मीटर बदलून उपयोग नाही. लायसनवाला वायरमन बोलावून दोन्ही घरांचे न्यूट्रल वेगळे करून घ्यावे लागतात.

वायरिंग ठीक असूनही युनिट पटत नसतील तर मीटर तपासणीचा अर्ज द्या किंवा शेजारी चेक मीटर लावून मागा. दोन्ही मीटर काही दिवस एकाच तारेवर चालले की फरक समोर येतो. केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटरचं वाचन दिवसातून किमान एकदा घ्यायचं आहे आणि ती माहिती ग्राहकाला मिळायला हवी. म्हणून रोजच्या वापराचा तपशील मागताना संकोच करू नका. महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२ हा क्रमांक आहे. पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

खालाला मी फोनवर रोजच्या कपातीचं पान उघडायला सांगितलं. तिथे स्थिर आकार होता, युनिट होते आणि तिसऱ्या ओळीत मागची बाकी होती, जी घरात कोणालाच माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी खालूंनी कार्यालयात जाऊन बाकीचा हिशोब लिहून मागितला: जुन्या मीटरचं शेवटचं वाचन किती, बाकी किती आणि हप्ते किती दिवसांचे. शेवटचं वाचन त्यांनी जुना मीटर काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. ते जुळलं.

म्हणून एक काम आजच करून ठेवा. तुमच्याकडे पोस्टपेड असो की प्रीपेड, मीटर बदलायला माणूस आला की आधी जुन्या मीटरच्या वाचनाचा फोटो घ्या, मग नव्या मीटरचा. उद्या हिशोबावरून वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढाच पुरावा तुमच्या हातात असतो.