एका बापाचे दोन मुलगे, दोन आडनावं

जपानात साधारण नऊशे वर्षांपूर्वी मिनामोतो नो योशिकुनी नावाचा एक सरदार होऊन गेला. त्याच्या एका मुलाचं घराणं ‘नित्ता’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि दुसऱ्याचं ‘आशिकागा’ म्हणून. बाप एकच, मग आडनावं दोन कशी?

उत्तर जमिनीत आहे. थोरल्या योशिशिगेनं नित्ता नावाच्या भागातली पडीक जमीन लागवडीखाली आणली आणि तिथेच तो राहिला. धाकट्या योशियासूकडे शेजारच्या आशिकागा भागातली जमीन आली. त्या काळी जपानात मिनामोतो नावाची माणसं इतकी झाली होती की नुसतं ‘मिनामोतो’ म्हटलं तर कोण ते कळायचं नाही. ‘नित्ताचे ते’ म्हटलं की लगेच कळायचं. आणि जमीन मुलाकडे, मग नातवाकडे जाणार, म्हणून तिचं नावही तिच्याबरोबर पुढे जाऊ लागलं. असं पिढ्यान्‌पिढ्या चालणारं नाव म्हणजेच आडनाव. सुमारे दोनशे वर्षांनी या दोन घराण्यांचे वंशज रणांगणावर एकमेकांसमोर उभे ठाकले. आशिकागा जिंकले आणि १३३८ साली त्यांच्यातला ताकाउजी जपानचा शोगुन, म्हणजे सर्वोच्च सेनापती झाला.

आपल्याकडेही जमीन आणि हुद्दा यांनी अशीच आडनावं घडवली. पेशवाईतले नाना फडणवीस तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव होतं भानू. सरकारी हिशेबाची कागदपत्रं सांभाळणारा तो फडणवीस. हे काम बापाकडून मुलाकडे जायचं आणि लोक त्यांना कामाच्याच नावानं ओळखायचे. भानू मागे पडलं, फडणवीस राहिलं. देशमुख, कुलकर्णी, पाटील ही नावंही अशीच वतनातून आली.

बरं, योशिकुनीच्या पूर्वजांना ‘मिनामोतो’ हे नाव तरी कुठून मिळालं? ते थेट सम्राटानं दिलं होतं. ८१४ साली जपानच्या सागा सम्राटापुढे एक अडचण उभी राहिली. त्याला पन्नासच्या आसपास मुलं होती! इतक्या राजपुत्रांचा आणि राजकन्यांचा खर्च तिजोरीला कसा परवडणार? म्हणून त्यानं बऱ्याच मुलांना ‘मिनामोतो’ हे कुळनाव दिलं आणि राजघराण्यातून बाहेर काढलं. त्यांनी दरबारात नोकरी करायची, पण गादीवर हक्क सांगायचा नाही. पुढच्या सम्राटांनीही हाच मार्ग धरला. योशिकुनी अशाच एका नंतरच्या शाखेतला. आडनाव मिळणं म्हणजे मान होता, आणि ‘आता तू आमच्यातला नाहीस’ असं सांगणंही होतं. मला हा सगळा प्रकार विलक्षण वाटतो.

ही झाली सरदारांची गोष्ट. साध्या शेतकऱ्यांचं काय? इथे तर खरी गंमत आहे, कारण त्यांना आडनावं एकदा मिळाली, मग बहुतेकांची विरून गेली आणि हजार वर्षांनी पुन्हा मिळाली.

पहिल्या वेळची हकिकत नारा शहरातल्या शोसोइन नावाच्या जुन्या भांडारात सापडते. तिथे ७०२ सालच्या घरोघरच्या याद्या आहेत. त्या काळी जपानी सरकार दर सहा वर्षांनी प्रत्येक घरातल्या माणसांची नोंद करायचं आणि त्या नोंदीप्रमाणे भातशेतीची जमीन वाटून द्यायचं. याद्या जुन्या झाल्या, पण कागद महाग होता. म्हणून त्यांच्या कोऱ्या पाठीचा वापर पुढे एका मोठ्या मंदिराच्या लेखनशाळेत झाला आणि त्यामुळेच त्या टिकल्या. या याद्यांत साध्या शेतकऱ्यांनाही गटांची नावं लावलेली दिसतात. दरबाराला माल आणि सेवा पुरवणाऱ्या गटांची ही जुनी पद्धत. विणकरांच्या गटाचं नाव आजच्या ‘हात्तोरी’ या आडनावात आहे आणि कुत्री पाळून राखण करणाऱ्यांचं ‘इनुकाई’ या आडनावात. आपल्याकडच्या सुतार, लोहार, कुंभार या आडनावांसारखीच ही धंद्याची नावं.

मग ती गेली कुठे? नोंदी बिघडल्या. पुरुषांवर कर जास्त होता, बायकांवर कमी. त्यामुळे लोक यादीत खोटं लिहायला लागले. ९०२ सालची आवा प्रांतातली एक यादी आज पाहिली, तर तिच्यात पुरुष अगदी थोडे आणि बायका कितीतरी पट! असं गाव खरोखर असणं शक्य नाही, हे आकडे पाहूनच कळतं. अशा याद्यांचा सरकारला काय उपयोग? हळूहळू त्या बंद पडल्या. नाव लिहून घेणारं कोणी उरलं नाही, जमीनही त्या नावावर मिळेना, आणि शेतकऱ्यांची ती जुनी गटनावं मागे पडली.

पुढे शोगुनांच्या राज्यात आडनाव उघडपणे लावणं आणि दोन तलवारी बाळगणं हा सामुराईंचा मान ठरला. अनेक शेतकरी घराण्यांनी गावापुरतं आडनाव जपलं होतं, पण सरकारी कागदावर ते चालत नसे. १८६८ साली शोगुनांची सत्ता गेली आणि मेइजी सम्राटाचं नवं सरकार आलं. १८७० मध्ये त्यानं सांगितलं की आता कोणीही आडनाव लावू शकतो. लोक मात्र फारसे पुढे आले नाहीत. मग १८७२ मध्ये देशभर घरोघरची नवी नोंदणी झाली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि सैन्याची पंचाईत झाली. एकाच गावात एकाच नावाचे चार तरुण असले, तर बोलावणं नेमकं कोणाला धाडायचं? सैन्यानं तक्रार केली आणि १३ फेब्रुवारी १८७५ रोजी हुकूम निघाला : प्रत्येकानं आडनाव लावलंच पाहिजे. आठवत असेल तर पूर्वजांचं, नाहीतर नवं.

आता जगाकडे पाहा. चीनमध्ये साध्या माणसांची आडनावं दोन हजार वर्षांपूर्वीच रुजली, कारण तिथे बलाढ्य सरकारं तेव्हापासूनच कर आणि सैन्यासाठी घरं मोजत होती. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर आलेल्या नॉर्मन सरदारांनी आपल्या जहागिरींची नावं लावली. सामान्य लोकांत स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे पाव भाजणारा, अशी नावं पुढच्या तीनशे वर्षांत पक्की झाली. तुर्कस्तानात कायदा आला तो थेट १९३४ साली. म्हणजे आडनाव कधी येणार हे देश किती जुना आहे यावर ठरत नाही. घराण्याकडे पुढे द्यायला जमीन किंवा हुद्दा कधी आला आणि सरकारला एकेक माणूस ओळखण्याची गरज कधी पडली, यावर ते ठरतं.

१८७५ च्या त्या हुकमातून जपानातलं एकच घराणं सुटलं : सम्राटाचं. नावं वाटणारा तोच, त्यामुळे त्याला कोणी नाव दिलंच नाही. राजघराण्याची नोंदवही आजही वेगळी असते आणि तिच्यात आडनाव नसतं. २००५ साली राजकन्या सायाको हिनं योशिकी कुरोदा या सामान्य नागरिकाशी लग्न केलं. राजघराण्याच्या वहीतून तिचं नाव निघालं, नवऱ्याबरोबर साध्या नागरिकांच्या नोंदवहीत गेलं आणि वयाच्या ३६ व्या वर्षी तिला आयुष्यातलं पहिलं आडनाव मिळालं : कुरोदा.