सीमॉस रिसेट: कुठे चालतो, कुठे नाही

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंतचा कारभार मदरबोर्डावरच्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे असतो. तो म्हणजे बायोस. आजच्या बोर्डांवर त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानात आणि बोलण्यात जुनाच शब्द टिकून आहे. प्रोसेसर आणि रॅम किती वेगाने चालवायची, त्यांना किती व्होल्टेज द्यायचे, कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची, आत येणाऱ्याला पासवर्ड विचारायचा की नाही, हे सारे बायोस आपल्याजवळच्या नोंदी पाहून ठरवतो. या नोंदी बदलण्यासाठी बायोसचाच स्क्रीन उघडावा लागतो. पण चुकीच्या वेगामुळे स्क्रीनवर काही दिसतच नसेल, किंवा पासवर्ड आठवत नसेल, तर तो मार्ग बंद होतो. अशा वेळी कॅबिनेट उघडून बायोसला मूळ सेटिंग्जवर परत आणतात. याला सीमॉस क्लिअर किंवा सीमॉस रिसेट करणे म्हणतात.

१९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये अशी सेटिंग्ज बोर्डावरचे बारीक स्विच खालीवर करून दिली जात. १९८४च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात एकूण ६४ बाइट जागा होती. त्यातल्या १४ घड्याळासाठी होत्या आणि उरलेल्या ५० मध्ये सेटिंग्ज राहत. अत्यल्प विजेवर चालणाऱ्या सीमॉस तंत्राने ती चिप बनलेली असल्यामुळे संगणक बंद असतानाही एका छोट्या बॅटरीवर घड्याळ आणि नोंदी दोन्ही टिकत. बॅटरी काढली की नोंदी पुसल्या जात. सीमॉस रिसेट हे नाव त्या काळापासूनचे आहे.

आता हे घड्याळ चिपसेटमध्येच असते आणि बहुतेक सेटिंग्ज बायोसच्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असतात. फ्लॅशमधला मजकूर टिकण्यासाठी बॅटरी लागत नाही. तरीही बॅटरी काढून सेटिंग्ज मूळ पदावर येतात, याचे कारण बायोसच्या वागण्यात आहे. घड्याळाच्या विभागाची वीज मध्येच तुटली की तिथे तशी खूण राहते. पुढच्या वेळी सुरू होताना बायोसला ती खूण दिसते. मग तो साठवलेल्या सेटिंग्जवर विश्वास न ठेवता कारखान्यातली सेटिंग्ज लागू करतो. बऱ्याच बोर्डांवरचा जंपरही घड्याळाच्या विभागाला असाच रिसेटचा संकेत देतो. यावरून एक नियम निघतो: जी नोंद बायोस या खुणेला मानून सोडून देतो तीच या उपायाने जाते. बायोसचा प्रोग्रॅम, डिस्कवरच्या फाइल्स आणि विंडोज यांना धक्का लागत नाही.

ओव्हरक्लॉकिंग फसण्याचे नेहमीचे उदाहरण रॅमचे असते. समजा, घरी जोडलेल्या एका डेस्कटॉपमध्ये डीडीआर ४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या आहेत. त्या वेगासाठी उत्पादकाने १.३५ व्होल्टचे एक्सएमपी प्रोफाइल पट्टीतच भरून दिले आहे. डीडीआर ४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. वापरणाऱ्याने टायमिंग तसेच ठेवून वेग एकदम ३८०० केला आणि सेटिंग सेव्ह केले. संगणक पुन्हा सुरू झाला, पंखे फिरू लागले, पण डिस्प्ले आलाच नाही. बायोस चित्र दाखवण्याआधी रॅमची चाचणी घेऊन तिच्याशी वेळेचा मेळ जुळवतो. त्या पायरीवरच तो अडकला, म्हणून सेटिंग बदलण्याचा स्क्रीनही उघडेना. बोर्डावर निदानाचे दिवे असतील तर अशा वेळी DRAM नावाचा दिवा पेटून राहतो.

इथे लगेच कॅबिनेट उघडण्याची गरज नसते. अनेक बोर्ड दोनचार वेळा स्वतःच बंद-चालू होतात आणि मेळ जमला नाही तर सुरक्षित वेगावर येऊन ओव्हरक्लॉक फसल्याचा संदेश दाखवतात. डीडीआर ५ च्या बोर्डांवर तर रॅम बदलल्यावर किंवा वेग बदलल्यावर होणाऱ्या या जुळणीला काही मिनिटे लागू शकतात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. ती चालू असताना वीज तोडली तर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून आधी दहा मिनिटे वाट पाहावी. एवढ्याने काही झाले नाही तर रिसेट करावा.

पहिले काम पॉवर केबल भिंतीतून काढण्याचे. नुसते बटण दाबून संगणक बंद करणे पुरत नाही. केबल लागलेली असेपर्यंत पॉवर सप्लाय बोर्डाला थोडी स्टँडबाय वीज देत राहतो आणि घड्याळाचा विभाग तिच्यावरच चालतो. त्यामुळे केबल न काढता सेल काढला तर काहीच पुसले जात नाही, आणि ‘सेल काढला तरी फरक नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. केबल काढल्यावर कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी.

यानंतर जंपर शोधायचा. कंपनीनुसार त्याच्याजवळ CLRTC, JBAT1, CLR_CMOS किंवा CLRMOS1 असे काहीतरी छापलेले असते. नेमकी जागा बोर्डाच्या मॅन्युअलमधील आकृतीत सापडते आणि ती पाहूनच हात घालावा, कारण जवळच यूएसबी किंवा पंख्याच्या तशाच दिसणाऱ्या पिना असतात. तीन पिनांचा जंपर असेल तर त्यावरची प्लास्टिकची टोपी सहसा पहिल्या दोन पिनांवर असते. ती काढून दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर दहा सेकंद ठेवावी आणि परत जागच्या जागी लावावी. ती तशीच विसरली तर बरेच बोर्ड सुरूच होत नाहीत. दोनच पिना असतील तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक दोन्हींना एकदम टेकवून दहा सेकंद धरावे. काही महाग बोर्डांच्या मागच्या पट्टीवर यासाठी बटणच दिलेले असते.

जंपर सापडत नसेल तर सेल काढावा. तो सीआर २०३२ जातीचा असतो: ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. पुष्कळदा तो ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. तसे असल्यास आधी स्लॉटची कडी सोडवून कार्ड काढावे. होल्डरची पत्र्याची जीभ बाजूला सारली की सेल वर उचलला जातो. पाच-दहा मिनिटे थांबून, छाप असलेली अधिक बाजू वर ठेवून तो परत बसवावा. सेल हातात आलाच आहे तर मल्टिमीटरने मोजून घ्यावा. नवा सेल ३ व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाखवतो, २.७ च्या खाली उतरला असेल तर बदलून टाकावा. केबल काढून ठेवल्यावर दर वेळी तारीख मागे जाणे हीदेखील सेल संपल्याची खूण आहे. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

रिसेट झाला की नाही, हे पहिल्याच सुरुवातीला कळते. CMOS Date/Time Not Set यांसारखा संदेश येतो, F1 दाबायला सांगितले जाते आणि बायोसमधली तारीख जुनी दिसते. वरच्या उदाहरणात रॅम आता प्रमाणित वेगावर, बहुधा २१३३ ते २६६६ च्या दरम्यान, चालताना दिसेल. डिस्प्ले तरीही आला नाही तर पट्टी, तिचा स्लॉट किंवा अन्य भाग तपासावा. एकच पट्टी लावून सुरू करून पाहणे ही त्यातली सोपी चाचणी. बायोसचा प्रोग्रॅमच बिघडला असेल, उदाहरणार्थ अपडेट चालू असताना वीज गेली असेल, तर सीमॉस रिसेटने तो दुरुस्त होत नाही.

सुरू झाल्यावर आधी तारीख-वेळ लावावी. ती चुकीची राहिली तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो. मग डिस्कचे सेटिंग पाहावे. विंडोज रेड पद्धतीवर बसवलेले असेल आणि रिसेटने एएचसीआय लागू झाले असेल तर विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबते. ते सेटिंग पूर्ववत केले की ठीक होते. डिस्कवर बिटलॉकर असेल तर सुरक्षेची सेटिंग्ज बदललेली पाहून विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर डिस्कवरची माहिती उघडत नाही. एवढे झाल्यावर एक्सएमपी लावून ३२०० वर परतावे आणि वेग वाढवायचाच असेल तर एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीला मेमटेस्टसारखी चाचणी घेऊन पुढे जावे.

विसरलेल्या पासवर्डाच्या बाबतीत वरचा नियम लक्षात घ्यावा लागतो. सुटा विकत घेऊन जोडलेल्या डेस्कटॉप बोर्डावर बायोसचा पासवर्ड बहुधा याच रिसेटने जातो. कंपनीकडून तयार आलेल्या काही डेस्कटॉपवर पासवर्डासाठी वेगळा जंपर असतो. डेलच्या अनेक बोर्डांवर त्याच्याजवळ PSWD लिहिलेले असते. लॅपटॉपचे गणित वेगळे आहे. चोरीला गेलेले यंत्र चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून तिथे पासवर्ड अशा चिपमध्ये ठेवतात जिचा सेलशी संबंध नसतो. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरल्यास मदरबोर्ड बदलावा लागतो, असे लेनोव्हो मॅन्युअलमध्येच सांगते. अशा वेळी खरेदीची पावती घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जाणे हाच मार्ग राहतो. हार्ड डिस्कचा पासवर्ड डिस्कमध्येच असतो आणि विंडोजचा पासवर्ड विंडोजकडे. सेल काढून यांपैकी एकही जात नाही.

म्हणून बायोसमधले काहीही बदलण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. चालू सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि बिटलॉकरची की त्याच संगणकात न ठेवता कागदावर किंवा दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवावी. एवढी तयारी असली की रिसेटनंतर सारे काही अर्ध्या तासात पूर्ववत लावता येते.