तंतूत पाणी शिरेनासं होतं तेव्हा

आळेफाट्याला पुणे-नाशिक महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. कांद्याचा बाजार, एसटीची वर्दळ आणि चारी दिशांना जाणारे मालट्रक असलेल्या अशा ठिकाणी रद्दीही भरपूर जमते. भंगाराच्या दुकानात तिचे साधारण तीन ढीग असतात: वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा. तिन्हींचा भाव वेगळा असतो. हा फरक काही दुकानदाराच्या मर्जीवर ठरत नाही. तिन्ही ढिगांतले तंतू वेगवेगळ्या वनस्पतींचे, वेगवेगळ्या रीतीने सुटे केलेले आणि वेगवेगळ्या वयाचे असतात. कागद गिरणीत त्यांचं पुढे काय होणार, हे बरंचसं इथेच ठरून गेलेलं असतं.

जुन्नर तालुक्याला कागद नवा नाही. जुन्नर शहरातले कागदी लोक हाताने कागद करत आणि मराठेशाहीच्या दप्तरांत दौलताबादी कागदाबरोबर जुन्नरी कागदाचंही नाव येतं. जुन्या हातकागदात चिंध्यांचे, तागाचे लांब तंतू असत. आजच्या वहीचा कागद बहुधा निलगिरी, सुबाभूळ किंवा उसाच्या चिपाडाचा असतो आणि त्यातला तंतू सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास भरतो. थंड प्रदेशातल्या पाइन, स्प्रूससारख्या झाडांचा तंतू तीन मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे आपल्याकडची रद्दी पहिल्या फेरीलाच आखूड तंतू घेऊन निघते. परदेशातून जुन्या खोक्यांच्या गाठी मागवून आपल्या गिरण्या इथल्या पुठ्ठ्यात मिसळतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता वर्तमानपत्रांचा ढीग गिरणीत पोचला असं समजू. सातशे किलो वर्तमानपत्रं आणि तीनशे किलो गुळगुळीत कागदाची मासिकं, असा एक टनाचा घाणा घेऊ. हे प्रमाण शाई काढण्याच्या धंद्यात जुनं आणि परिचित आहे. गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, आणि ती माती शाईला फेसाबरोबर वर यायला मदत करते असा अनुभव आहे. दिवाळी अंकांच्या रंगीत जाहिरातींची पानं रद्दीत गेल्यावर अशी उपयोगी पडतात. पण त्याच अंकांच्या पाठीवरचा गरम करून लावलेला डिंक गिरणीला नकोसा असतो. तो विरघळत नाही. त्याचे बारीक चिकट गोळे होतात, ते जाळीवर आणि रुळांवर बसतात, आणि कागदाला भोकं पडतात किंवा पट्टा मध्येच तुटतो.

पहिला टप्पा पल्परचा. ही मोठी टाकी असते, तळाशी किंवा मध्यभागी फिरतं पातं असतं. शाई काढायची असेल तेव्हा लगदा बराच घट्ट ठेवतात, शंभर भागांत बारा ते अठरा भाग कागद. पातं तंतू कापत नाही, कापायचेही नसतात. घट्ट लगद्यात तंतू तंतूवर घासतो आणि शाई सुटते. पाणी पंचेचाळीस-पन्नास अंश गरम असतं. त्यात कॉस्टिक सोडा, सोडियम सिलिकेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबण पडतो. सोड्याने तंतू फुगतो, त्यामुळे वर बसलेल्या शाईचा थर तडकतो. पण वर्तमानपत्राचा कागद बराचसा लाकूड दळून केलेला असल्यामुळे त्यात लिग्निन शिल्लक असतं आणि ते सोड्याने पिवळं पडतं. ते पिवळेपण आवरायला पेरॉक्साइड लागतं, आणि पेरॉक्साइड लवकर वाया जाऊ नये म्हणून सिलिकेट. साधारण पंधरा-वीस मिनिटांत हे काम होतं. जास्त वेळ फिरवलं तर सुटलेली शाई इतकी बारीक होते की ती पुन्हा तंतूच्या आत जाऊन बसते आणि मग काही केल्या निघत नाही. लगदा राखाडी राहतो.

रद्दी किती जुनी आहे यालाही इथे महत्त्व आहे. वर्तमानपत्राच्या शाईतल्या काही तेलांची हवेतल्या प्राणवायूशी संथ प्रक्रिया होते आणि शाई तंतूला घट्ट चिकटते. उष्णतेत हे लवकर घडतं. माळ्यावर एक उन्हाळा काढलेल्या वर्तमानपत्रांची शाई ताज्या रद्दीपेक्षा अवघड निघते. गिरण्यांना हा उन्हाळी त्रास ठाऊक आहे.

पल्परमधून निघालेला लगदा चाळण्यांतून जातो. शेवटच्या चाळणीच्या फटी मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाइतक्या अरुंद असतात. टाचण्या, प्लास्टिक, डिंकाचे मोठे गोळे इथे अडतात. शंकूंत लगदा चक्राकार फिरतो आणि वाळू व जड कण बाजूला पडतात. मग लगदा खूप पातळ करतात, शंभरात जेमतेम एक भाग. आपल्या एक टनाला शंभर टन पाणी. हेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात, नाहीतर कुठलीच गिरणी चालणार नाही.

या पातळ लगद्यात खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण तेलकट, पाण्याचा तिटकारा असलेले. तंतू मात्र पाण्याला धरून राहणारा. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून शाईच्या कणांना बुडबुड्यांशी जोडतात. अगदी मऊ पाण्यात हे नीट साधत नाही, म्हणून काही गिरण्या मुद्दाम कॅल्शियम घालतात. काळा फेस वर येतो आणि तो काढून टाकतात. यालाच फ्लोटेशन म्हणतात. दहा ते शंभर मायक्रॉनच्या आसपासचे कण यात चांगले निघतात. त्याहून बारीक कण धुऊन काढावे लागतात. लेझर प्रिंटरची पूड ही निराळीच अडचण आहे. ती कागदावर वितळून बसलेली असते आणि तिचे मोठे चपटे तुकडे पडतात. त्यांना नव्वद अंशांच्या वर घट्ट लगद्यात मळून बारीक करावं लागतं, आणि मग फ्लोटेशनची दुसरी फेरी. काम कितपत जमलं हे पाहायला प्रयोगशाळेत लगद्याचा छोटा ताव करतात. त्याचा उजळपणा यंत्रावर मोजतात आणि ठिपके डोळ्यांनीही पाहतात.

आता हिशेब. एक टन रद्दीत शाई जेमतेम वीस किलो असते. ती काढताना ढोबळ मानाने दोनशे किलो माल हातून जातो, कारण फेसाबरोबर माती जाते, तुटलेल्या तंतूंचा भुगा जातो, काही चांगले तंतूही जातात. हाती येतो आठशे किलो लगदा. हे नुकसान डोळ्यांना दिसतं, वजनकाट्यावर मोजता येतं. तंतूचं जे नुकसान दिसत नाही त्याच्याबद्दल बोलायचं तर कागद कसा उभा राहतो ते आधी पाहावं लागतं.

कागदात डिंक नसतो. ओले तंतू एकमेकांवर पडतात, सुकताना पाणी त्यांना जवळ ओढतं, आणि सेल्युलोजच्या पृष्ठभागांमध्ये हायड्रोजन बंध जुळतात. कागदाची ताकद तंतूच्या ताकदीइतकीच या जोडांवर अवलंबून असते. जोड चांगले बसायचे तर तंतू ओला असताना फुगलेला, मऊ, चपटा होणारा हवा. रासायनिक रीतीने लिग्निन काढलेल्या नव्या तंतूची भिंत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थराथरांची असते आणि थरांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत पाणी शिरलं की भिंत फुगते आणि तंतू वाकतो.

कागद यंत्राच्या गरम रुळांवर तो पहिल्यांदा सुकतो तेव्हा पोकळ्या मिटतात. समोरासमोरचे सेल्युलोजचे पृष्ठभाग इतके घट्ट जुळतात की नंतर पाण्यात भिजवलं तरी त्यातले पुष्कळ पुन्हा सुटत नाहीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग यायमे यांनी १९४४ साली या घटनेला शिंगासारखं कडक होणं, हॉर्निफिकेशन, असं नाव दिलं. ठरलेल्या वेगाने फिरवून काढल्यावर तंतूत किती पाणी राहतं हे मोजून ती तपासता येते. हा आकडा सर्वांत जास्त घसरतो पहिल्याच सुकण्यात, पुढच्या फेऱ्यांत घसरण कमी कमी होत जाते. रुळांचं तापमान जितकं जास्त, तितकं नुकसान जास्त. असा तंतू दुसऱ्यांदा ओला झाला तरी ताठ राहतो, शेजारच्या तंतूला नीट टेकत नाही. एकेकट्या तंतूची ताकद ओढून पाहिली तर ती फारशी उतरलेली नसते. जोड मात्र कमी झालेले असतात.

पुनर्वापराने तंतू फक्त आखूड होत जातात, हे वारंवार ऐकू येणारं स्पष्टीकरण त्यामुळे अर्धंच खरं आहे. आखूड ते होतातच, पण बरेचसे गिरणीच्या उपायामुळे. कडक झालेल्या तंतूला पुन्हा फुगायला लावण्यासाठी त्याला रिफायनरच्या दोन चकत्यांमधून घासून कुटतात. भिंतीचे थर थोडे सुटतात, पृष्ठभागावर केसासारखे धागे उठतात आणि जोड सुधारतात. त्याचबरोबर तंतू तुटतात आणि भुगा वाढतो. भुगा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जाळीवर लगद्याचं पाणी हळू निथळतं आणि यंत्राचा वेग कमी करावा लागतो. गिरणीतला माणूस निथळण्याची चाचणी आणि ताणाची चाचणी शेजारी ठेवून ठरवतो की आणखी कुटणं परवडेल की नाही.

इथे वर्तमानपत्र आणि वही वेगळ्या वाटेने जातात. वर्तमानपत्राच्या दळलेल्या तंतूत लिग्निन भिंतीला धरून असतं, त्यामुळे पोकळ्या तशा मिटत नाहीत. उलट वारंवारच्या दाबाने हे जाड तंतू थोडे चपटे आणि वाकते होतात. काही फेऱ्यांत त्यांच्या कागदाची ताकद घटण्याऐवजी टिकलेली किंवा जरा वाढलेलीही दिसते. वहीच्या पांढऱ्या कागदाचा तंतू मात्र स्वच्छ, लिग्निन नसलेला, आणि म्हणून सुकण्याने जास्त नुकसान होणारा. भंगाराच्या दुकानात त्याला चांगला भाव मिळतो तो उजळपणासाठी.

तंतू पाच ते सात वेळा वापरता येतो असा आकडा सर्वत्र दिला जातो. तो अंदाज आहे, नियम नव्हे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठात खोक्यांच्या जाड कागदावर पंचवीस फेऱ्या करून पाहिल्या आणि त्याची बळकटी फारशी उतरली नाही. प्रत्यक्ष गिरणीत दर वेळी भुगा, चिकट गोळे आणि शाई यांच्याबरोबर काही तंतू निघून जातात, आणि नवे येत राहतात. समजा प्रत्येक फेरीत वीस टक्के नवा तंतू घातला, ऐंशी टक्के जुना. तर स्थिरावलेल्या लगद्यात एकही फेरी न झालेले तंतू वीस टक्के, एक झालेले सोळा, दोन झालेले तेराच्या आसपास, आणि पाच किंवा अधिक फेऱ्या झालेले तेहतीस टक्के निघतात. म्हणजे रद्दीचं कुठलंही पोतं एका वयाचं नसतं.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे सर्वांत जवळून भेटतं ते द्राक्षाच्या पेटीत. खोक्याचा कागद घेताना बीएफ विचारतात, म्हणजे कागद फुटायला लागणारा दाब आणि त्याचं वजन यांचं गुणोत्तर. पुनर्वापराचा क्राफ्ट कागद पिठाचा हात देऊन कोरड्या हवेत चांगला आकडा दाखवू शकतो. पण शीतगृहात आर्द्रता नव्वद टक्क्यांवर जाते तेव्हा कागदाचे जोड पाणी ओढून सैल होतात आणि कुठल्याही पुठ्ठ्याच्या खोक्याची उभी भार सोसण्याची ताकद जवळपास निम्मी होते. जिथे आधीच जोड कमी, तिथे थप्पीतल्या खालच्या पेट्या आधी बसतात. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी म्हणून लांब, नव्या तंतूचा वाटा जास्त असलेला क्राफ्ट मागतात.

ज्या लगद्याला कागद होण्याइतके जोड उरलेले नाहीत, तो अंड्यांच्या ट्रेमध्ये जातो. साच्यावर लगदा ओढून सुकवतात. तिथे ताण सोसायचा नसतो, आकारच वजन पेलतो, आणि शाई राखाडी राहिली तरी कोणाची हरकत नसते.