डाग खाली, पाणी कुठलं?

छतावर ओल दिसली की पहिला फोन गवंड्याला जातो आणि वरच्यांच्या बाथरूमची फरशी फोडायचं ठरतं. ही घाई महागात पडते. हल्लीच्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमखालचा स्लॅब खोलगट असतो. त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा भराव आणि त्यावर फरशी असते. गळलेलं पाणी या भरावात साचतं, उताराकडे सरकतं आणि स्लॅबला जिथे चीर सापडेल तिथून खाली येतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही.

शोधायचं ते एवढंच, की पाणी नळाच्या पाइपचं, सांडपाण्याच्या पाइपचं की फरशीवरून झिरपणारं?

एका दुमजली इमारतीतलं उदाहरण घेऊ. खालच्या बेडरूमच्या छताला ताटाएवढा डाग होता. प्लंबरने आधी डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. मग वरच्या बाथरूमचा मुख्य कॉक बंद करून दोन दिवस तिथला वापर थांबवला. डाग हळूहळू फिकट झाला. पण कॉक आणि वापर दोन्ही एकदम थांबले होते, म्हणून त्याने पुढचे दोन दिवस कॉक उघडा ठेवून वापर मात्र बंदच ठेवला. नळाच्या पाइपमध्ये सतत दाब असतो. तो फुटला असता तर डाग पुन्हा ओलावला असता. तसं झालं नाही.

मग नहाणी ट्रॅपची जाळी काढून त्यात नळीने थेट दोन-तीन बादल्या रंगीत पाणी सोडलं, फरशीवर थेंबही न सांडता. दोन दिवस वाट पाहिली तरी डाग रेघेच्या आतच राहिला. सांडपाण्याच्या पाइपवरचा संशय बराच कमी झाला.

शेवटी ट्रॅपचं तोंड बोळ्याने बंद करून उंबऱ्याच्या खालपर्यंत इंचभर पाणी साठवलं आणि टाइलवर पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं होतं आणि डाग रेघेबाहेर आला होता. जाळीभोवतीचं सिमेंट सुटून तिथे नखभर फट पडली होती. ती भरून, शेजारच्या टाइलचे सांधे इपॉक्सीने बुजवून पाणी पुन्हा साठवून पाहिलं. या वेळी पातळी हलली नाही.

साठवण्याची चाचणी शेवटीच करावी, कारण भरावात गेलेलं पाणी खाली उतरायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर दुसरं काहीच तपासता येत नाही. याच कारणाने दुरुस्तीनंतरही डाग काही आठवडे ओला राहू शकतो. तेवढ्यावरून काम फसलं असं समजू नये. डाग दिव्याच्या पॉइंटजवळ असेल तर आधी त्या लाइनचा एमसीबी पाडावा.

आणि खर्चाचं म्हणाल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतल्या बाथरूम-संडासातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संबंधित सभासदांनीच करायची असते, सोसायटीने नव्हे.