सुटलेला धागा

एका व्याख्यानमालेत मी दुष्काळावर दीड तास बोललो. शेवटी एका आजोबांनी विचारले, "विहिरींवरून तुम्ही कर्जावर कधी आलात हो?" मी वरमलो. वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला ती सोय नसते.

नारदीय कीर्तनकार हे विसरत नाहीत. पूर्वरंगात मूळ पदाचे निरूपण होते, मग नामगजर आणि उत्तररंगात आख्यान. डुलकी लागलेल्यालाही गजराने कळते, की आता कथा लागणार. शेवटी बुवा पुन्हा मूळ पदावर येतात.

पुढच्या खेपेस विहिरींचा भाग संपताच मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "पाणी का आटले, ते पाहिले. पाणी नाही म्हणून पीक गेले, की शेतकरी सावकाराचे दार गाठतो. तेव्हा आता कर्जाकडे वळू." मागचे एका वाक्यात, पुढचा दुवा एका वाक्यात. नुसते "आता दुसरा मुद्दा" म्हटले असते, तर क्रमांक कळला असता, नाते नव्हे. मात्र अशी वळणे दीड तासात तीन-चारच बरी. पावलोपावली पाट्या लावल्या, तर वाटच दिसेनाशी होते.

त्या दिवशी प्रश्न आले, ते व्याजाच्या दराविषयी.