चित्रफितीद्वारे सुरक्षासाधन तपासणी

चित्रफितीद्वारे सुरक्षासाधन तपासणी ही बांधकामाच्या जागेवरील कॅमेऱ्याच्या चित्रणातून कामगारांनी हेल्मेट व परावर्तक जाकीट घातले आहे की नाही, हे संगणकाच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धत आहे. संगणक प्रत्येक फ्रेममध्ये कामगाराभोवती चौकट आखतो. हेल्मेट त्या चौकटीत डोक्याच्या जागी आढळले, तरच ते घातलेले धरले जाते. हातातले हेल्मेट मोजायचे नसते.

सेकंदाला २५ फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर एक कामगार ४ सेकंद हेल्मेटविना वावरला, तर १०० नोंदी होतात. माणसे मोजण्यासाठी म्हणून प्रत्येक कामगाराला क्रमांक देऊन त्याचा माग ठेवतात. मात्र परांचीआड जाऊन परतलेल्या कामगाराला अनेकदा नवा क्रमांक मिळतो.

समजा, १० कामगारांपैकी २ हेल्मेटविना आहेत. म्हणजे ८० टक्के कामगारांनी हेल्मेट घातले आहे. त्या दोघांपैकी एकाला तीनदा नवा क्रमांक मिळाला, तर नोंदीत १३ कामगार आणि त्यांतील ५ हेल्मेटविना दिसतात. प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर घसरते. प्रत्येक फ्रेममधील ओळख अचूक असूनही गणना चुकते. दिलेले क्रमांक त्या दिवशीच्या हजेरीपेक्षा जास्त भरणे, ही या दोषाची खूण होय.