‘खाकर जाइए’ आणि ‘खा जाइए’

घरी आलेल्या हिंदीभाषक पाहुण्याला आपण प्रेमाने म्हणतो, “खाना खा जाइए.” आपल्या मनात असतं ‘जेवून जा’. त्याच्या कानावर पडतं ‘सगळं फस्त करा’. जेवून मग जायचं असेल तर हिंदीत ‘खाना खाकर जाइए’ म्हणावं लागतं. फरक फक्त ‘कर’चा आहे, पण मराठी माणसाची हिंदी अडखळते ती बरेचदा इथेच.

मराठीतलं ‘-ऊन’ दोन कामं करतं. ‘हात धुऊन जेवायला बस’मध्ये आधी एक क्रिया, मग दुसरी. ‘ते पत्र फाडून टाक’मध्ये मात्र क्रिया एकच, ‘टाक’ फक्त तिला रंग देतं. हिंदीने ही दोन कामं वेगळी केली आहेत. आधी-मगसाठी ‘कर’ किंवा बोलण्यात ‘के’, आणि रंगासाठी नुसता धातू: ‘फाड़ दो’, ‘पढ़ लो’, ‘बैठ जाओ’. हिंदी व्याकरणात या दुसऱ्या क्रियापदाला ‘रंजक क्रिया’ म्हणतात. ‘बैठ जाओ’मध्ये कुणी कुठे जात नाही आणि ‘पढ़ लो’मध्ये हातात काही घ्यायचं नसतं.

सर्वांत फसवा ‘जाना’. प्लंबरची वाट पाहत तुम्ही ऑफिसात बसला आहात आणि घरून फोन येतो, “प्लंबर आ गया.” मराठी कान ऐकतो ‘येऊन गेला’, आणि आजचा दिवस वाया गेला म्हणून आपण वैतागतो. खरं तर तो दारात उभा आहे. ‘आ गया’ म्हणजे ‘आला’. येऊन परत गेला असता तर ‘आकर चला गया’ म्हटलं असतं. ‘सो गया’, ‘टूट गया’, ‘हो गया’ यांचंही तसंच: झोपला, तुटलं, झालं. मराठीत ‘घाबरून गेला’, ‘थकून गेली’ आहेच, पण तिथे ‘पार’, ‘अगदी’ असा जोर असतो. हिंदीत तसा जोर असायलाच हवा असं नाही. स्थिती बदलली एवढं सांगायलाही ‘जाना’ लागतो. म्हणून आपलं नुसतं ‘वह सोया’ हिंदी कानाला पुष्कळदा अर्धवट वाटतं. (विदर्भातला ‘येऊन राहिला’ हा थेट ‘आ रहा है’चा भाऊ, नागपूरकरांना ही गणितं जरा लवकर सुटत असावीत.)

‘लेना’ आणि ‘देना’ यांत कानाची साथ जास्त मिळते, कारण आपलं ‘घेणे’ आणि ‘देणे’ तसंच वागतं. फोनवर कुणी नंबर सांगताना ‘लिख लो’ म्हणाला तर तो तुमच्याकडे टिपून घ्यायचा. बँकेत कुणी फॉर्म पुढे करून ‘लिख दीजिए’ म्हणालं तर त्यांच्यासाठी भरून द्यायचा. ‘चिट्ठी पढ़ लो’ म्हणजे तुझी तू वाच. ‘पढ़ दो’ म्हणजे मला वाचून दाखव. मात्र जिथे मराठी ‘टाकणे’ वापरते, तिथेही हिंदी अनेकदा ‘देना’च घेते: पैसे देऊन टाक, ‘पैसे दे दो’.

‘ने’चा हिशोबही या दुसऱ्या क्रियापदाकडे असतो. ‘बिल्ली ने दूध पी लिया’, पण ‘बिल्ली दूध पी गई’. पिणं सकर्मक असूनही ‘जाना’ आला की ‘ने’ गळतो, आणि क्रियापद दुधाला सोडून मांजरीशी जुळवून घेतं. ‘बिल्ली ने दूध पी गया’ ही आपली खास निर्मिती. उलटं म्हणजे ‘लेना-देना’ असूनही ‘ने’ न येणं. ‘वह चल दिया’सारखे असे मोजके प्रयोग तसेच्या तसे लक्षात ठेवावे लागतात.

नकार आला की हा सगळा रंग सहसा उडतो. “खाना खा लिया?” याला होकार ‘खा लिया’, नकार मात्र ‘नहीं खाया’. ‘नहीं खा लिया’ म्हटलं की ऐकणारा थबकतो. काम पुरं झाल्याची छटा ज्या शब्दाने यायची, तो काम झालंच नसताना कशाला? पीटर हूक यांच्या १९७४ च्या ‘द कंपाउंड व्हर्ब इन हिंदी’ या पुस्तकात या नकाराचा विचार आहे. अपवादही आहेत: ‘जब तक वह आ नहीं जाता’मध्ये ‘जाना’ टिकतो, कारण तिथे नजर येण्याच्या क्षणावरच असते.

‘लेना’ची एक छटा मात्र ‘घेणे’त नाही. “हिंदी बोल लेते हैं?” असं कुणी विचारलं तर त्याला ‘बोलून घेता का’ असं विचारायचं नसतं, काम भागण्याइतकी जमते का, एवढंच विचारायचं असतं. ‘बोल लेता हूँ’ या उत्तरात थोडा विनय असतो, ‘बरी बोलतो’सारखा. ‘रोटी बना लेता हूँ’, ‘तैर लेता हूँ’ हेही तसंच. पोहता येत नसेल, तर ‘तैर नहीं लेता’ चालत नाही. सरळ ‘तैरना नहीं आता’ म्हणायचं.